निष्कर्षात काय उरायला हवे

प्रबंध हातात आला की बरेच परीक्षक आधी गोषवारा वाचतात आणि मधली पाने चाळून थेट शेवटच्या प्रकरणाकडे जातात. पुष्कळदा तिथे त्यांना गोषवाराच पुन्हा भेटतो. ‘प्रस्तुत अभ्यास करण्यात आला’ ही सुरुवात तीच, ‘असे दिसून आले’ हा मधला भाग तोच, आकडेही तेच. सर्वात शेवटी एक ओळ वाढलेली असते: ‘या विषयावर अधिक संशोधनास वाव आहे.’ ही ओळ कांद्यावरच्या प्रबंधात असते, लोकगीतांवरच्या प्रबंधात असते आणि सिमेंटवरच्याही असते.

यामागे विद्यार्थ्याचा आळस असतो असे मला वाटत नाही. कृषी विद्यापीठांच्या प्रबंधांत शेवटच्या प्रकरणाचे नावच ‘सारांश आणि निष्कर्ष’ असते. एका मथळ्याखाली दोन कामे आली की त्यातले सोपे काम दुसऱ्याची जागा खाते. दुसरे कारण जुने आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या अनेक शोधनिबंधांत सारांश शेवटी छापला जायचा, त्यामुळे शेवटी सगळे थोडक्यात पुन्हा सांगण्याला तेव्हा अर्थ होता. आता सारांश गोषवारा होऊन पहिल्या पानावर आला आहे. शेवटची जागा मोकळी झाली, पण तिथे सारांश लिहायची सवय राहिली.

दोन्हींचे वाचक वेगळे असतात. गोषवारा वाचणाऱ्याने निबंध अजून वाचलेला नसतो आणि वाचावा की नाही हे त्याला ठरवायचे असते. निष्कर्ष वाचणाऱ्याने, निदान लेखकाने तरी तसे धरून चालावे, सगळे तक्ते पाहिलेले असतात. त्याला पुन्हा आकडे नको असतात. या कामामुळे आता काय म्हणता येते, ते कुठपर्यंत म्हणता येते आणि पुढे कोणी काय करायला हवे, हे त्याला हवे असते. योगदान, मर्यादा आणि पुढची दिशा असे तीन भाग मार्गदर्शक सांगतात ते हेच. ते तिन्ही एकमेकांत अडकलेले असतात, आणि ती अडकण मर्यादेपाशी आहे. मर्यादा नीट लिहिली की योगदान आपोआप योग्य मापाचे होते आणि पुढची दिशा तिच्यातूनच निघते.

एक उदाहरण घेऊ. ते समजावण्यासाठी मी रचले आहे आणि त्यातले आकडे कुठल्याही प्रत्यक्ष अभ्यासातले नाहीत. पण निष्कर्ष मात्र अगदी नेहमी भेटतो तसाच आहे. समजा, नाशिक जिल्ह्यातल्या एका विद्यार्थिनीने उन्हाळ कांद्याच्या साठवणुकीवर अभ्यास केला. सहा शेतकऱ्यांच्या सहा चाळी, प्रत्येकीत पाच टन कांदा. तीन चाळी नेहमीच्या, तीन चाळींत तळाखालून पंख्याने हवा सोडलेली. मे ते सप्टेंबर असे चार महिने दर पंधरा दिवसांनी वजन करायचे, सडलेला आणि कोंब आलेला कांदा वेगळा काढून मोजायचा. तिचा निष्कर्ष असा:

‘प्रस्तुत अभ्यासात कांदाचाळीत पंख्याद्वारे हवा खेळवण्याचा साठवणुकीतील घटीवर होणारा परिणाम अभ्यासण्यात आला. पारंपरिक चाळीत चार महिन्यांत ३८ टक्के, तर पंखा लावलेल्या चाळीत २७ टक्के घट दिसून आली. यावरून पंखा लावलेली चाळ शेतकऱ्यांसाठी आर्थिकदृष्ट्या फायदेशीर असल्याचे स्पष्ट होते. या विषयावर अधिक संशोधनास वाव आहे.’

पहिली दोन वाक्ये गोषवाऱ्यातून उचललेली आहेत. तपासायची रीत साधी आहे. गोषवारा आणि निष्कर्ष शेजारी ठेवायचे आणि दोन्हीकडे असलेल्या वाक्यांखाली रेघ मारायची. इथे चारपैकी दोन वाक्यांखाली रेघ येईल. उरलेल्या दोनांसाठी दुसरी कसोटी आहे. वाक्यातला विषय झाकायचा आणि ते दुसऱ्या कुठल्या प्रबंधात चालेल का हे पाहायचे. ‘अधिक संशोधनास वाव आहे’ कुठेही चालते, म्हणून ते गळते. मग एकच वाक्य उरते, आर्थिक फायद्याचे, आणि तेच खोटे आहे. या अभ्यासात विजेचे बिल मोजलेले नाही, पंख्याची किंमत धरलेली नाही, कांद्याचा भावही नोंदवलेला नाही. पाच टनांवर अकरा टक्के म्हणजे साडेपाच क्विंटल कांदा वाचला, एवढेच म्हणता येते. त्यातून किती पैसे सुटले हे सप्टेंबरच्या बाजारावर आणि चार महिन्यांच्या वीजबिलावर ठरेल. ही चूक फार सर्रास होते. आकडे आधीच सांगून झालेले असतात, आता काहीतरी मोठे म्हणायला हवे असे वाटते, आणि जे मोजलेच नाही ते ठासून सांगितले जाते.

पुनर्लेखनाला बसताना गोषवारा बंद करून ठेवावा आणि तक्ते उघडावेत. या विद्यार्थिनीच्या तक्त्यांत घट तीन भागांत मोजलेली आहे: सुकून गेलेले वजन, सड आणि कोंब. पारंपरिक चाळीत सुकून १७ टक्के, सडून १६ टक्के आणि कोंबांमुळे ५ टक्के कांदा गेला. पंख्याच्या चाळीत सुकून १७, सडून ६ आणि कोंबांमुळे ४. हे वाचल्यावर खरी गोष्ट समोर येते. अकरा टक्क्यांच्या फरकातले दहा टक्के एकट्या सडीतून आले आहेत. सुकण्यावर पंख्याचा काहीच परिणाम दिसत नाही. एकूण घटीचा एकच आकडा देताना गोषवाऱ्यात ही गोष्ट दबून गेली होती आणि निष्कर्षाने तीच दबलेली गोष्ट पुन्हा सांगितली.

योगदान ते हे. पंखा लावल्याने घट कमी होते हे ऐकून शेतकऱ्याला किंवा चाळ बांधणाऱ्या मिस्त्रीला फारसे काही करता येत नाही. पंखा सड रोखतो पण सुकणे रोखत नाही, हे कळले तर मात्र तो वेगळा विचार करू शकतो. पावसाळी दमट हवेत पंखा चालवायचा, मे महिन्याच्या कोरड्या हवेत कदाचित नाही, असा प्रश्न त्याला पडू शकतो. योगदान ओळखायचे तर विचारावे की हे काम नसते तर कोणाला काय कळले नसते, किंवा कोणी काय वेगळे केले नसते. ‘पंख्याने घट कमी होते’ हे अनेकांना आधीच वाटत होते. ती कोणत्या मार्गाने कमी होते, हे या तक्त्याने सांगितले.

भाषाही इथे बदलते. गोषवाऱ्यात ‘दिसून आले’, ‘आढळले’ असा भूतकाळ शोभतो, कारण तिथे घडलेले सांगायचे असते. योगदान मात्र वर्तमानकाळात लिहावे: ‘पंखा सड रोखतो.’ वाक्य असे लिहिले की ते किती ठाम झाले हे लेखकालाच जाणवते आणि लगेच मनात शंका उभी राहते: प्रत्येक चाळीत? प्रत्येक वर्षी? त्या शंका म्हणजेच मर्यादा. त्या तिथल्या तिथे कागदावर उतरवाव्यात.

मर्यादा लिहिण्याची आपल्याकडची रीत म्हणजे अभ्यास कुठे आणि किती काळ झाला ते सांगणे: ‘हा अभ्यास एका तालुक्यापुरता आणि एका हंगामापुरता मर्यादित आहे.’ हे खरे असते, पण त्यातून वाचकाला काही कळत नाही. ती मर्यादा निष्कर्षाला कोणत्या बाजूला ढकलते, हे सांगितले तर ती उपयोगाची होते.

या उदाहरणातल्या दोन मर्यादा पाहू. पहिली हंगामाची. समजा, त्या वर्षी जून-जुलैत पाऊस कमी होता. कमी पावसात दमटपणा कमी, त्यामुळे नेहमीच्या चाळीतही सड कमी झाली असणार. मग भरपूर पावसाच्या वर्षी पंख्याचा फायदा इथे दिसला त्याहून जास्तच असेल. म्हणजे ही मर्यादा निष्कर्षाला कमी दाखवते. दुसरी मर्यादा बरोबर उलट आहे. पंखा कोणाच्या चाळीत लावायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते. ज्या तीन शेतकऱ्यांनी तयारी दाखवली त्यांच्याकडे तो लागला. जो शेतकरी पंखा लावायला पुढे येतो तो बहुधा कांदा नीट सुकवून, मान बारीक झाल्यावरच, जखमी आणि जोडकांदे बाजूला काढून चाळीत भरणारा असतो. मग सड कमी झाली ती पंख्यामुळे की निवडीमुळे? ही मर्यादा निष्कर्षाला फुगवते, आणि ती पहिलीपेक्षा गंभीर आहे. परीक्षक नेमका हाच प्रश्न विचारणार. तो निष्कर्षात आधीच लिहिलेला असेल तर तोंडी परीक्षेत उत्तर देणे सोपे जाते. नसेल तर विद्यार्थिनीला हे सुचलेच नव्हते असे दिसते.

तिसरी गोष्ट संख्येची. हजारो कांदे मोजले म्हणून नमुना मोठा होत नाही. पंखा चाळीला लागतो, कांद्याला नाही, म्हणून नमुना सहा चाळींचाच. चाळीनिहाय आकडे काढले तर नेहमीच्या तीन चाळींत घट ३३, ३७ आणि ४४ टक्के होती. पंख्याच्या चाळींत २४, २६ आणि ३१. पंख्याची सर्वात वाईट चाळ आणि साधी सर्वात चांगली चाळ यांच्यात दोनच टक्क्यांचे अंतर आहे. ‘स्पष्ट होते’ हा शब्द इथे टिकत नाही. ‘संकेत मिळतो’ म्हणावे लागते. असा एक शब्द मागे घेतल्याने काम लहान होते असे काही मार्गदर्शकांना वाटते आणि ते विद्यार्थ्यांना मर्यादा फार लिहू नका असे सांगतात. मला हा सल्ला अगदी चुकीचा वाटतो. सहा चाळींच्या आधाराने सहा चाळींएवढेच बोलणाऱ्या निबंधाचे बाकीचे वाक्यही वाचक विश्वासाने वाचतो.

मर्यादेतून पुढची दिशा कशी निघते याचे फार चांगले उदाहरण वैद्यकशास्त्राच्या इतिहासात आहे. १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोन ब्रिटिश संशोधकांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांवरचा निबंध प्रसिद्ध केला. लंडनमधल्या वीस रुग्णालयांत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ७०९ रुग्णांची त्यांनी तितक्याच इतर रुग्णांशी तुलना केली. कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांत धूम्रपान न करणारे दोघेच होते. इतर आजार असलेल्या ६४९ पुरुषांत असे २७ जण होते.

आकडे ठळक होते, तरी लेखक तिथे थांबले नाहीत. संबंध आहे म्हणजे कारण आहे असे लगेच होत नाही, हे त्यांनी स्वतःच मांडले. मुलाखत घेणाऱ्यांना रुग्णाचे निदान माहीत असायचे, म्हणून ते कर्करोगाच्या रुग्णाला धूम्रपानाबद्दल जास्त खोदून विचारत असतील अशी शंका होती. त्यांनी ती तपासली. काही जणांना आधी फुप्फुसाचा कर्करोग आहे असे वाटले होते, पण नंतर तो नसल्याचे कळले. मुलाखतीच्या वेळी या लोकांनाही कर्करोगाचे रुग्णच समजले गेले होते. त्यांच्या धूम्रपानाच्या सवयी मात्र कर्करोग नसलेल्यांसारख्या निघाल्या. म्हणजे मुलाखतकारांच्या कलाने आकडे फिरले नव्हते. हे सगळे पारखून झाल्यावर त्यांनी धूम्रपान हा या रोगातला एक महत्त्वाचा घटक आहे असे म्हटले. धुरातले नेमके कोणते द्रव्य कर्करोग घडवते याचा पुरावा आपल्याकडे नाही, हेही लिहिले.

पुढची कामे थेट या उणिवांतून निघाली. पहिला अभ्यास लंडनपुरता होता. १९५२ च्या निबंधात ब्रिस्टल, केंब्रिज, लीड्स आणि न्यूकॅसलमधलेही रुग्ण घेतले गेले. पहिल्या अभ्यासात आजारी माणसाला मागचे आठवून सांगायचे होते आणि आठवणीवर किती विसंबायचे हा प्रश्न होता. म्हणून १९५१ मध्ये त्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच प्रश्नावली पाठवली. सुमारे चाळीस हजार डॉक्टरांनी आज आपण किती ओढतो ते कळवले, आणि पुढे त्यांच्यात कोण कशाने मरते याची नोंद ठेवली गेली. १९५४ मध्ये त्यातले पहिले निष्कर्ष आले. त्या अभ्यासाचा पन्नास वर्षांचा अहवाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘अधिक संशोधनास वाव आहे’ एवढ्या वाक्यावरून डॉक्टरांना पत्रे पाठवायची हे कोणालाही सुचले नसते. आठवणीवर विसंबावे लागले ही उणीव नेमकी ठाऊक होती, म्हणून आज विचारायचे आणि पुढे वाट पाहायची ही रीत ठरवता आली.

कांद्याच्या अभ्यासालाही हेच लागू करता येते. सर्वात गंभीर मर्यादा निवडीची होती, म्हणून पहिली दिशा तिच्यातून यावी. एकाच शेतकऱ्याची चाळ मधोमध कूड घालून दोन भागांत वाटायची, एकाच शेतातला, एकाच दिवशी भरलेला कांदा दोन्हीकडे टाकायचा आणि पंखा कोणत्या बाजूला लावायचा हे चिठ्ठी टाकून ठरवायचे. शेतकऱ्याची काळजी, वाण, काढणीची तारीख हे सगळे दोन्ही बाजूंना सारखे होते आणि उरतो तो पंखा. दुसरी दिशा हवेची. चाळीत तापमान आणि आर्द्रता मोजणारी साधी यंत्रे ठेवली तर पंखा कोणत्या आर्द्रतेला चालवल्याने सड थांबते आणि कोणत्या आर्द्रतेला तो फक्त कांदा सुकवतो हे कळेल. खेड्यात वीज ठरावीक तासच असते, म्हणून पंखा प्रत्यक्षात किती तास चालला याची नोंदही हवी. ती पहिल्या अभ्यासात नव्हती. मर्यादांत ते आधी लिहिले असेल तरच इथे ही मागणी करता येते.

दिशा लिहिताना मोहही आवरावा लागतो. वाण बदलून पाहावे, जिल्हा बदलून पाहावा, सौर पंखे वापरावेत, मोबाइलवर सूचना पाठवाव्यात, अशी लांबलचक यादी वाढत जाते. त्यातल्या ज्या गोष्टी या अभ्यासातल्या कुठल्याही उणिवेतून निघत नाहीत त्या काढून टाकाव्यात. दोन दिशा पुरतात. वाचणारा नवा विद्यार्थी पुढच्या हंगामाच्या तयारीला लागू शकेल इतक्या त्या नेमक्या असल्या की झाले.

आता पुन्हा लिहिलेला निष्कर्ष:

‘चाळीच्या तळातून हवा खेळवल्याने होणारा लाभ प्रामुख्याने सड कमी झाल्याने होतो, सुकण्याने होणाऱ्या घटीत फरक दिसत नाही. पंख्याचा उपयोग ठरवताना या दोन घटींचा वेगळा विचार व्हावा, असा संकेत या अभ्यासातून मिळतो. हा संकेत सहा चाळींवर आधारित आहे. अभ्यासाच्या वर्षी पाऊस कमी असल्याने दमट वर्षांतील लाभ येथे दिसला त्याहून अधिक असू शकतो. मात्र पंखा स्वेच्छेने पुढे आलेल्या शेतकऱ्यांच्या चाळींत लावला गेला आणि त्यांची कांदा निवडण्याची काळजीही सड कमी होण्यास कारणीभूत असू शकते. त्यामुळे संपूर्ण फरक पंख्यामुळेच झाला असे म्हणता येत नाही. पंखा चालल्याचे तास, वीजखर्च आणि बाजारभाव नोंदवले नसल्याने आर्थिक लाभाबद्दल येथे विधान केलेले नाही. पुढील अभ्यासात एकच चाळ दोन भागांत विभागून पंख्याची बाजू चिठ्ठीने ठरवावी, तसेच चाळीतील आर्द्रता आणि पंख्याचे तास यांची नोंद ठेवावी. त्यातून पंखा कोणत्या हवेत चालवावा हे ठरवता येईल.’

यात ३८ आणि २७ हे आकडे एकदाही आलेले नाहीत. तक्त्यांत नसलेला एकही नवा आकडा आणलेला नाही, कारण निष्कर्षात नवा पुरावा मांडायचा नसतो. जुन्या निष्कर्षापेक्षा हा लांब आहे, पण प्रत्येक वाक्य याच अभ्यासाचे आहे आणि दुसऱ्या प्रबंधात चालणार नाही.

काम इथे संपत नाही. निष्कर्ष असा लिहिल्यावर गोषवाऱ्याकडे परत जावे लागते. गोषवाऱ्यात एकूण घटीचे दोनच आकडे होते. आता त्यांच्या शेजारी सडीचे १६ आणि ६ घालायला हवेत. आर्थिक फायद्याचे वाक्य तिथेही असेल तर ते काढायला हवे. शीर्षकातला ‘साठवणुकीतील घट’ हा शब्दसमूह बदलून ‘साठवणुकीतील सड’ करावा का, हा प्रश्न विद्यार्थिनीने आपल्या मार्गदर्शकांपुढे ठेवावा. माझ्या मते करावा.